रे: सरासरी उशीर फक्त १ मिनिट?

> बसचा स्टॉपवाइज सरासरी उशीर १ मिनिटच येतोय, तरी लोक बोंबलतायत, असं का?

अहो सरासरीत लवकर आलेली गाडी उशिरा आलेलीला खाऊन टाकते ना. आमच्याकडच्या एका छोट्या ऑपरेटरचं मी असंच मांडलेलं, मधल्या एका स्टॉपवर एकाच फेरीचा पाच दिवसांचा वेळापत्रकापासूनचा फरक मिनिटांत -४, +६, -३, +५, +१, सरासरी बरोब्बर १! पण चार मिनिटं आधी येऊन न थांबता गेलेली गाडी चुकली की पुढचीसाठी तासभर उभं राहा, ते कुठे दिसतं त्यात. १ मिनिट आधी ते ५ मिनिटं उशीर एवढंच वेळेवर धरा, मग पाचातल्या दोनच फेऱ्या पास होतात. हे फरक D2:D6 मध्ये टाकले की सूत्र असं:

```
=COUNTIFS(D2:D6,">=-1",D2:D6,"<=5")/COUNT(D2:D6)
```

आणि नुसत्या शेवटच्या स्टॉपवरून जोखू नका, तिथे बऱ्याचदा वेळापत्रकातच जादा मिनिटं घातलेली असतात, वाटेत रखडलेली गाडीपण साळसूद दिसते.