मदत हवी आहे: धान्य-साखर बंद आणि उपास चालू असताना दोन पेगही झेपेनात, वर रात्री साखर खाली

वाटसरू
वय ४१, मधुमेह नाही, कुठलंही औषध चालू नाही. गेले काही महिने धान्य आणि साखर जवळजवळ बंद आहे. दुपारी १ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात जेवतो. साखरेचे चढउतार कळावेत म्हणून दंडावर सेन्सर लावलाय.

शुक्रवारी संध्याकाळी ७ ला जेवलो. शनिवारी दुपारचं जेवण कामात राहून गेलं, मग म्हटलं आज दिवसभराचा उपास होऊ दे. संध्याकाळी पाऊण तास सायकल चालवली आणि रात्री ८ ला मित्रांबरोबर बसलो. व्हिस्की, ६० मिलीचे दोन पेग, सोबत बिनसाखरेचा कोला. पूर्वी एवढ्याने मला काही व्हायचं नाही. या वेळी पहिला ग्लास संपायच्या आत जीभ जड झाली.

सेन्सरवर ८ वाजता ८४, ११ ला ७१ आणि रात्री २ ला ५७. घाम फुटून, हात थरथरत जाग आली. बोटातून रक्त घेऊन तपासलं तर ६०. फळाचा रस प्यायलो, पाव तासात ८८ झाली. पहाटे ५ ला सेन्सरने परत ६१ दाखवले, पण तेव्हा मला काहीच त्रास नव्हता.

व्हिस्कीत ना साखर ना कर्बोदकं. मग साखर खाली जाते कशी? पुढच्या आठवड्यात परत बसायचं ठरतंय, त्याआधी हे समजून घ्यायचंय.

चकवा
सरळ आहे. पोट रिकामं होतं. पोटात अन्न असलं की दारू तिथे थांबते, नसलं की थेट लहान आतड्यात जाते आणि तिथून झपाट्याने रक्तात. साखरेचा दारूशी संबंध नाही, ती उपासामुळे आणि सायकलमुळे खाली गेली. पुढच्या वेळी आधी चीज आणि अंडी खा, दोन्ही प्रश्न सुटतील. मी तेच करतो.

दुपारची_उन्हं
माझाही हाच प्रश्न आहे. दारूने उपास मोडतो का? वजन कमी होणं थांबतं का?

रात्रपाळी
मी तातडीच्या विभागात काम करते. अशा अवस्थेत आलेले लोक पाहिले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चकवा, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. त्यात बिनसाखरेच्या कोल्याची भर घाला. ऑस्ट्रेलियात २००६ साली हे मोजलं होतं. साखर असलेल्या पेयात मिसळलेली व्होडका पोटातून निम्मी पुढे सरकायला साधारण ३६ मिनिटं लागली, बिनसाखरेच्या पेयातली २१ मिनिटांत सरकली, आणि रक्तातलं दारूचं प्रमाणही जास्त चढलं. वाटसरूंनी रिकाम्या पोटी नेमकं तेच घेतलं.

पण दारू लवकर चढणं वेगळं आणि साखर खाली जाणं वेगळं. दुसरी गोष्ट पोटात नाही, यकृतात घडते.

आपण खात नसतो तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळतं. आधी साठवलेलं ग्लायकोजेन मोडून, आणि ते संपत आलं की लॅक्टेट, ग्लिसरॉल, प्रथिनांचे तुकडे यांपासून नवीन ग्लुकोज बनवून. भरलेल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम साठा असतो, दिवसभराच्या उपासात तो जवळजवळ संपतो. तुमच्या आहारात तो मुळात पूर्ण भरतच नाही. म्हणजे रात्री ८ ला तुमची ८४ साखर बहुतेक नव्याने बनवण्यावरच टिकून होती.

आता त्यात दारू आली. यकृत दारूला आधी हात घालतं. ती मोडताना एनएडी नावाचा सहायक रेणू वापरला जातो, आणि लॅक्टेटपासून ग्लुकोज करायलाही तोच लागतो. त्यामुळे नवीन ग्लुकोज बनवण्याचं काम मंदावतं. भरपूर जेवलेल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण दारू साठा मोडण्याच्या आड येत नाही. तुमच्याकडे साठाच नव्हता.

वेळ बघा. ६० मिलीच्या दोन पेगांत मिळून सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं. तासाला ७-८ ग्रॅम धरलं तर ते संपायला पाच-सहा तास लागतात, आणि उपाशी शरीरात हा वेग आणखी मंदावतो. ८ ला सुरू केलंत, २ ला साखर तळाला. एवढ्या उपासाने आणि सायकलने एरवी निरोगी माणसाची साखर ६० च्या घरात जाऊन घाम फुटत नाही.

@दुपारची_उन्हं, दारूत उष्मांक असतात, एका ग्रॅमला ७. तेव्हा उपास मोडतोच. पण इथला प्रश्न तो नाही.

चकवा
मग चीज-अंड्यांनी माझी साखर का पडत नाही?

रात्रपाळी
चीज-अंड्यांनी दारू रक्तात हळू जाते, चढते कमी. तेवढा फायदा खराच. पण साठा त्याने फारसा भरत नाही. प्रथिनं म्हणजे ग्लुकोजचा कच्चा माल, आणि दारूने नेमका कारखानाच बंद ठेवलेला असतो. तुम्ही दिवसभर उपाशी राहून पिता का? तसं नसेल तर तुमची आणि वाटसरूंची तुलना होणार नाही.

चकवा
नाही, दुपारचं जेवतो. तरी केटोला सरावलेल्यांचा मेंदू कीटोनवर चालतो, त्यांना ६० ने काही होऊ नये. मला स्वतःला ६५ ला ठणठणीत वाटतं.

रात्रपाळी
कीटोन मेंदूची गरज काही अंशी भागवतात, हे मान्य. सगळी भागवत नाहीत. त्यांना तर घाम आणि कंप दोन्ही होते.

शेवंता
ताई, माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. त्यांनीही धान्य सोडलंय, आणि शनिवारी एक-दोन पेग होतात. रविवारी सकाळी चिडचिड करतात, बोलणं अडखळतं. मी समजायचे की अजून उतरली नाही.

रात्रपाळी
शेवंताताई, तुमचं प्रकरण वाटसरूंपेक्षा गंभीर आहे. ग्लिमेपिराइड इन्शुलिन वाढवत राहतं, समोर अन्न असो वा नसो. त्यात कर्बोदकं कमी आणि वर दारू. हे तिन्ही एकत्र आले की साखर दुसऱ्या दिवशी सकाळीही पडू शकते. साखर पडलेला माणूस आणि प्यायलेला माणूस वरून सारखेच दिसतात, वासही येतो, म्हणून घरचे झोपू देतात. तसं झोपू देऊ नका, आधी बोटातून तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा आणि मग जेवायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना. ग्लुकागॉनच्या इंजेक्शनवर विसंबू नका. ते यकृतातला साठा बाहेर काढतं, साठाच नसेल तर काय काढणार?

आणि धान्य सोडल्याचं त्यांच्या डॉक्टरांना उद्याच सांगा. गोळीचा डोस त्यावर ठरतो. मेटफॉर्मिनबरोबर जास्त पिण्याचे धोके वेगळे आहेत, तेही विचारून घ्या.

शेवंता
उद्याच फोन करते. मशीन घरात आहे, रविवारी कधी वापरलं नव्हतं.

वाटसरू
@रात्रपाळी, आता सगळं जुळतंय. मग त्या दिवशी उपास न करता दुपारी आणि संध्याकाळी नीट जेवायचं, जेवणात थोडी कर्बोदकं ठेवायची आणि एका पेगवर थांबायचं, हे पुरेल? की कोल्याऐवजी गोड पेय घेऊ?

रात्रपाळी
जेवण आणि एक पेग, हे ठीक. सायकल त्या दिवशी नको. रिकाम्या पोटी गोड पेय नको. त्याने इन्शुलिन उसळतं आणि दोन-तीन तासांनी साखर उलट जास्त पडू शकते. कर्बोदकं ताटातून घ्या. आणि जेवून, एकच पेग घेऊनही बोटातून ६० च्या खाली आली तर कारण दुसरंच असू शकतं, तेव्हा तपासून घ्या.

वाटसरू
आणि पहाटे ५ चे ६१?

चकवा
कुशीवर झोपला असशील. सेन्सर दबला की तो खोटं कमी दाखवतो, माझा नेहमी दाखवतो.

रात्रपाळी
शक्य आहे. पण रसाची साखर दोन तासांत संपून खरंच परत पडली असणंही शक्य आहे, रसावर काही खाल्लं नसेल तर. बोटातून मोजलं होतं का?

वाटसरू
नाही, झोपलो. डाव्या कुशीवर होतो, सेन्सरही डाव्याच दंडावर आहे. आणि रसावर काही खाल्लं नव्हतं.