मदत हवी आहे: घोट्याजवळची जखम पाच महिने भरत नाही, पट्टी घट्ट बांधायची की नाही?

मीनल_ज: आईच्या डाव्या पायाला, आतल्या बाजूने घोट्याच्या जरा वर रुपयाएवढी जखम आहे. भोवतीची कातडी तपकिरी आणि कडक झालीय. व्हेरिकोज व्हेन्स जुन्याच. डॉक्टरांनी दाबाची पट्टी सांगितली, पण ती म्हणते आवळतं, आणि दुपारपर्यंत सोडून टाकते. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य.

शिरीष: आवळत असेल तर नका बांधू. रक्तच पोचलं नाही तर जखम भरणार कशी? पाय उंच ठेवा.

ड्रेसिंगवाली: पाय उंच ठेवणं बरोबर, शिरीषदादा, पण बाकी उलटं आहे. इथे रक्त येतं व्यवस्थित, परत वर जात नाही. शिरांच्या झडपा निकामी झाल्या की ते घोट्याशी तुंबतं, पाणी झिरपतं, सूज राहते. त्या सुजेत कुठलंही मलम लावा, जखम हलत नाही. अँटिबायोटिकही लालसरपणा पसरत असेल किंवा ताप असेल तरच.

मीनलताई, पट्टी नक्की कुठून कुठपर्यंत बांधता?

मीनल_ज: जखमेच्या वर-खाली, चार-पाच वेढे.

ड्रेसिंगवाली: म्हणूनच आवळतं. मधेच बांधली की खालचं पाऊल फुगतं. बोटांच्या मुळापासून सुरू करा, टाच झाकून घ्या, गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबा. आत कापसाचा थर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. ताण सगळीकडे सारखाच ठेवायचा. घोटा पोटरीपेक्षा बारीक, त्यामुळे तिथे दाब आपोआप जास्त पडतो. तसाच हवा. साधारण ४० मिलिमीटरचा दाब लागतो, साध्या क्रेपने तो टिकत नाही. सकाळी सूज चढण्याआधी बांधा आणि चालू द्या, पोटरीच रक्त वर ढकलते. पहिले काही वेळा ड्रेसिंगच्या माणसाकडून बांधून घ्या, हात बसायला वेळ लागतो.

अनंत_कुल: माझ्या वडिलांच्या तळव्याला जखम आहे, मधुमेह. त्यांनाही बांधू का?

ड्रेसिंगवाली: नाही हो, तो आजारच वेगळा. मधुमेहात धमनी अरुंद असू शकते, तिथे घट्ट पट्टी पाय घालवू शकते. शिरीषदादांची भीती तिथे खरी. आईंचंही आधी तपासलंय ना? घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा.

मीनल_ज: हो, घोटा १२६, दंड १४०.

ड्रेसिंगवाली: ०.९ आला. ०.८ च्या वर असल्याने पट्टीचा पूर्ण दाब चालतो. (मधुमेह्यांत धमन्या कडक असतात, हा आकडा फसवा चांगला येतो.) तरी बोटं निळी-गार पडली, बधिर झाली किंवा रात्री दुखणं वाढलं, तर लगेच सोडा.

शिरीष: मग लेझर करून शिराच बंद केली तर? पट्टीची कटकट नको.

ड्रेसिंगवाली: वरवरच्या शिरेच्या झडपा निकामी असतील तर लवकर केल्याने जखम लवकर भरते, २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत ते दिसलं. पण त्यातही सगळ्यांना पट्टी होतीच. खोल शीर बिघडलेली असेल तर गणित बदलतं. डॉपलरमध्ये काय लिहिलंय?

मीनल_ज: नुसतं 'खोल शिरांत गुठळी नाही' एवढंच. झडपांबद्दल काहीच नाही.

ड्रेसिंगवाली: मग उभं राहून केलेला डॉपलर पुन्हा मागा. झोपवून केलेल्यात उलटा प्रवाह निसटतो.