रिकाम्या जागेला एकच उत्तर कसं राहील?

«हवामान अंदाज आणि राशिभविष्याचा उतारा केलाय, विल, मे आणि बी लाइकली टू भरायला. पण मुलं कुठेही काहीही भरतात आणि चूक तरी कशी म्हणू?»

मुलांचं बरोबरच आहे. ‘इट ___ रेन टुमॉरो’मध्ये तिन्ही बसतात. व्याकरण अडवत नाही, फरक फक्त खात्रीचा आहे. तेव्हा खात्री उताऱ्यातच दिसायला हवी.

हवामानाच्या भागात शक्यता टक्क्यांत द्या आणि वर छोटा तक्ता छापा: 95 ला विल, 75 ला बी लाइकली टू, 40 ला मे. (हे आकडे वर्गापुरते ठरवलेले, भाषेचा नियम नव्हे.) राशिभविष्यात टक्के विनोदी दिसतात. तिथे पुढचे शब्द पुरावा होऊ द्या: ‘यू ___ मीट ॲन ओल्ड फ्रेंड, बट डोन्ट काउंट ऑन इट’. शेपटामुळे विल आणि लाइकली दोन्ही बाद, उरतं मे.

रिकाम्या जागेनंतर ‘टू’ छापू नका, उत्तर फुटतं. ‘आर लाइकली टू’ पूर्ण लिहून घ्या, आणि निदान एक कर्ता अनेकवचनी ठेवा: ‘शॉवर्स ___ कंटिन्यू’. सवयीने ‘इज’ लिहिणारे इथेच सापडतात. ‘मे टू’ आणि ‘विल लाइकली टू’ लिहिणारेही. दुसऱ्यात ‘बी’ गळलेला असतो.