मदत हवी आहे: ठिपक्यांच्या नकाशात एक ठिपका किती शेतकरी कुटुंबांचा?

सातारा जिल्ह्याचा गाववार ठिपक्यांचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये करतोय. प्रत्येक गावाच्या हद्दीत ठिपके आपोआप विखुरले जातात, त्यांची संख्या अशी काढतोय:

```
round("kutumbe" / 50)
```

अडचण प्रमाणाची आहे. एका ठिपक्याला १० कुटुंबं धरली, तर कऱ्हाडच्या बागायती पट्ट्यात नुसता काळा डाग दिसतो. ५० धरली, तर तिथे ठिपके जेमतेम एकमेकांना टेकतात, म्हणजे हवे तसे. पण जावळी-महाबळेश्वरकडची २५ पेक्षा कमी कुटुंबांची गावं शून्यावर येऊन नकाशातून गायबच होतात. तिथे जबरदस्तीने एक ठिपका देणं मला पटत नाही, कारण मग वीस कुटुंबंही पन्नास दिसतील. त्यापेक्षा शेजारची छोटी गावं एकत्र करून मग भागाकार करावा का?

दुसरं म्हणजे, काही ठिपके थेट कोयनेच्या जलाशयात पडतायत! गावाच्या हद्दीतून पाणी आणि जंगल आधी कापून टाकणार आहे, पण वस्ती ठेवायची की फक्त लागवडीची जमीन? मोजतोय कुटुंबं, त्यामुळे माझा कल वस्तीकडे आहे. मात्र मग ठिपके गावठाणात गच्च होतील आणि ५० चा आकडाही पुन्हा बदलावा लागेल.

छपाई ए-३ कागदावर आहे. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.