प्रतिसाद: डीमॅटचे कापलेले ३५४ रुपये

> शेअर्स सव्वादोन लाखाचे, तरी ३५४ कापले, परत मिळतात का?

मिळतात की! ३५४ म्हणजे ३०० एएमसी, म्हणजे खात्याचा वर्षाचा देखभाल चार्ज, अन वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२४ पासून बेसिक डीमॅटला, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांच्या कमी खर्चाच्या खात्याला, चार लाखापर्यंतच्या शेअर्सवर एएमसी शून्य आहे, पण तुमच्या पॅनवर पहिलं नाव असलेलं डीमॅट एकच पाहिजे, जुनं विसरलेलं दुसरं असलं तर तिथंच अडतं. आईचं असंच झालतं, डीमॅटवाल्यांच्या नवी पेठेतल्या ऑफिसात नुसतं "सिस्टीमनं कापलंय" म्हणाले, मग मेल टाकला, लेजरमधली तारीख-रक्कम लिहून विचारलं की हा चार्ज टॅरिफ शीटच्या कुठल्या ओळीत बसतो, अकाउंट बेसिक का नाही, आणि जीएसटीसकट रिव्हर्स करा. आठवड्यात क्रेडिट आलं. नाहीच आलं तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या पोर्टलवर टाका, २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विक्रीच्या दिवशीचा डीपी चार्ज मात्र वेगळा, तो यात मागू नका.