मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या मराठी कागदपत्रांसाठी नोट्सचं कोणतं ॲप, कोणता प्लॅन?

नमस्कार मंडळी. मी जमिनीच्या दाव्यांचं काम बघते. फेरफार, जुनी खरेदीखतं, निकालपत्रं स्कॅन करून प्रकरणाच्या नोटला जोडते. सध्याच्या ॲपचा फुकट प्लॅन दोनच डिव्हाइसवर चालतो. मोबाइल आणि ऑफिसचा कॉम्प्युटर झाला की घरचा लॅपटॉप बाहेर. परवा २२ एमबीचं खरेदीखत चढेना, म्हणून दाबून लहान केलं, तर शिक्क्यावरची तारीखच वाचता येईना.

ऑब्सिडियन सिंक पाहिलं. त्यात डिव्हाइसची अडचण नाही, पण स्टँडर्ड प्लॅनमध्ये एक फाइल ५ एमबीपर्यंतच, प्लसमध्ये २०० एमबी. म्हणजे मला प्लसच घ्यावा लागेल. तरी त्याचा मूळचा सर्च पीडीएफच्या आत शोधत नाही, त्याला वेगळं प्लगइन लागतं.

खरी अडचण शोधण्याचीच आहे. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, त्यातला शब्द सिलेक्टही होत नाही. मग चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर बनवणारी ही कमांड एका फाइलवर चालवून पाहिली:

```
ocrmypdf -l mar june.pdf nave.pdf
```

छापील पानांवर 'वहिवाट' शोधला की सापडतो, हस्ताक्षरातल्या फेरफारावर काहीच नाही. काही टाइप केलेले निकाल जुन्या फॉन्टमधले आहेत. त्यातला शब्द कॉपी करून पेस्ट केला तर भलतीच अक्षरं येतात, त्यामुळे तिथेही सर्च आंधळाच.

तीन डिव्हाइस, तीसेक एमबीची फाइल आणि देवनागरी पीडीएफच्या आत शोध, हे तिन्ही एकाच प्लॅनमध्ये कोणी रोज वापरतंय का? मोबाइलवरही शोध लागतो का, तेवढं जरूर सांगा, कारण कोर्टात हातात फोनच असतो.