मदत हवी आहे: बाळ निळं नाही, पण सॅच्युरेशन 81. सायनोटिक लिहू की असायनोटिक?

खानापूरची_लेक:
मी बेळगावात जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. केस प्रेझेंटेशनसाठी मला आठ महिन्यांची एक मुलगी मिळालीय. वजन 5.6 किलो, मर्मर आहे, इको सोमवारी होणार. चेहरा पांढरट, ओठही फिकेच, निळेपणा कुठंच नाही, म्हणून मी चार्टवर 'असायनोटिक' लिहिलं. पण उजव्या हाताला सॅच्युरेशन 81 आलं, पायाला 80. प्रोब बदलून पाहिला, तेवढंच. हिमोग्लोबिन 7.8. आई म्हणते, "लई रडली की व्हट जांभळं पडत्यात." मी पाहिलं तेव्हा बाळ झोपलेलं होतं. नक्की काय लिहू?

चिकोडी_नर्सिंग:
निळं नाही आणि मर्मर आहे म्हणजे व्हीएसडी. व्हीएसडी, एएसडी, पीडीए हे असायनोटिक. फॅलो आणि ट्रान्सपोझिशन सायनोटिक. आम्हाला असंच शिकवलंय. गार हाताला प्रोब चुकतो, बाळाचे हात गरम करून परत मोज.

निपाणीचा_बाबा:
माझ्या मुलाला व्हीएसडी होता. कधीच निळा पडला नाही. पण दूध पिताना कपाळावर घामाचे थेंब यायचे, चार घोट घेतले की धाप लागून सोडून द्यायचा. त्याचंही सॅच्युरेशन आम्ही घरी मोजायला हवं होतं का? डॉक्टरांनी वजनच बघायला सांगितलं होतं.

वॉर्ड_इनचार्ज_निवृत्त:
बाबा, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. व्हीएसडीत रक्त डावीकडून उजवीकडे जातं, फुफ्फुसात जास्त भरतं. सॅच्युरेशन बहुधा चांगलंच असतं, म्हणून ते मोजून फारसं कळत नाही. तिथं बघायचं ते झोपेत पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास, दूध प्यायला लागणारा वेळ, घाम आणि रोज त्याच काट्यावर घेतलेलं वजन. जन्मल्यावर बाळ ठीक असतं आणि महिना-दोन महिन्यांत दम लागायला लागतो, कारण फुफ्फुसातला दाब उतरतो तसं तिकडं जाणारं रक्त वाढतं.

आता खानापूरच्या ताई, तुमचं बाळ वेगळं आहे. निळा रंग ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचा. धमनीत ते 100 मिलिलीटरला साधारण 3 ग्रॅमच्या पुढं गेलं की डोळ्याला दिसायला लागतं. तुमच्या बाळात 7.8 चे 19 टक्के, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. त्यात काय दिसणार? हेच हिमोग्लोबिन 16 असतं तर त्याच 81 ला 3 ग्रॅम भरले असते. रडताना सॅच्युरेशन 60 ला उतरत असेल तर 7.8 चे 40 टक्के, तीन ग्रॅमच्या वर. आई सांगते तेच. आईचं वाक्य तिच्याच शब्दांत चार्टवर लिहा.

चिकोडी, यादी बरोबर आहे, पण ती आजाराची आहे, त्वचेच्या रंगाची नाही. हात-पाय दोन्हीकडं 80-81 येतं, प्रोब बदलूनही तेच येतं, तर यंत्राला दोष देऊ नका.

खानापूरची_लेक:
मग आज काय काय बघू? ऑक्सिजन लावला तर वाढेल का?

वॉर्ड_इनचार्ज_निवृत्त:
फॅलो असेल तर फारसं वाढणार नाही, रक्त फुफ्फुसाला वळसा घालून जातंय. खिडकीच्या उजेडात जीभ आणि हिरड्या बघा. बाळ शांत, दूध पिताना आणि रडताना असे तीन आकडे वेगवेगळे लिहा, मुद्दाम रडवू नका. सुई टोचायची कामं एकदाच उरका.

अचानक निळं पडलं, खोल भराभर श्वास सुरू झाला तर गुडघे छातीशी दाबून आईच्या खांद्यावर धरा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारा. पाय दुमडले की शरीराकडचा अडथळा वाढतो आणि रक्त फुफ्फुसाकडं वळतं. अशा वेळी मर्मर बारीक झाली म्हणून बरं वाटलं समजू नका, फुफ्फुसाकडची वाट बंद होत चाललीय.

आणि आयव्हीच्या नळीत हवेचा एक बुडबुडाही नको. अशा बाळांत तो फुफ्फुसात न अडकता थेट मेंदूकडं जाऊ शकतो.

चिकोडी_नर्सिंग:
हिमोग्लोबिन कमी आहे तर आयर्न सुरू करायला हवं ना? रक्त घट्ट होतं म्हणून सायनोटिक बाळांना देत नाहीत असं ऐकलंय.

वॉर्ड_इनचार्ज_निवृत्त:
या बाळात 7.8 म्हणजे रक्त घट्ट नाही, पातळ आहे. लोह कमी असलं तर निळं पडण्याचे झटके वाढतात. पण डोस आणि ऑपरेशनआधी किती दिवस, यावर आमच्याकडंही दोन डॉक्टरांची दोन मतं असायची. ते कार्डिओलॉजिस्टला विचारा.

खानापूरची_लेक:
आत्ता दूध पिताना मोजलं, 74. जिभेच्या कडा किंचित जांभळ्या वाटल्या, ओठ मात्र फिकेच. 'असायनोटिक' खोडून मी 'विश्रांतीत सॅच्युरेशन 81, दूध पिताना 74, इको बाकी' लिहिलंय. ड्यूटी सिस्टरना दाखवलं, त्यांनी डॉक्टरांना बोलावलंय. सोमवारी इको झाला की लिहिते.